एका स्कूपमध्ये दोन घड्याळं

संध्याकाळी सातच्या बॅचला जिमच्या दारात शेकर हलवणारी चार-पाच पोरं हमखास दिसतात. शेकरमधलं पाणी लालभडक. एखादा नवखा ट्रेनरला विचारतो, "सर, हे कधी घेऊ?" उत्तर ठरलेलं असतं, "वॉर्मअपच्या वीस मिनिटं आधी. आज चेस्ट आहे ना, फुल पंप येईल." पोरगा गटागटा पितो, पंधरा मिनिटांत कानशिलं गरम होतात, हातांना झिणझिण्या येतात आणि पावडर 'लागली' अशी त्याची खात्री पटते.

डबा फिरवून मागचा बारीक मजकूर वाचला तर साधारण असा हिशोब दिसतो: सिट्रुलिन मॅलेट ३ ग्रॅम, बीटरूट अर्क ५०० मिलिग्रॅम, बीटा-ॲलनिन दीड-दोन ग्रॅम, कॅफिन २०० मिलिग्रॅम. झिणझिण्या बीटा-ॲलनिनच्या. तरतरी कॅफिनची. डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ज्यांचं नाव असतं आणि ज्यांच्यासाठी जास्तीचे पैसे मोजलेले असतात, त्या सिट्रुलिनचं आणि बीटाचं काम अजून सुरूही झालेलं नसतं. एकाला तासभर हवा असतो, दुसऱ्याला अडीच तास. आणि बहुतेक वेळा दोघांची मात्राही अपुरी असते.

दोन्ही पावडरी शेवटी एकाच रेणूसाठी घेतल्या जातात. तो म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. हा वायू शरीर स्वतःच तयार करतं, तो काही सेकंदच टिकतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतल्या स्नायूंना सैल पडायला सांगतो. वाहिनी रुंदावते, रक्त जास्त वाहतं. हा शोध लावणाऱ्या रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फरीद मुराद या तिघांना १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. यात एक गंमत आहे. ज्या नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनवून आल्फ्रेड नोबेल श्रीमंत झाले, तेच नायट्रोग्लिसरीन उतारवयात डॉक्टरांनी त्यांना हृदयाच्या दुखण्यासाठी लिहून दिलं होतं. ते औषध शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडतं म्हणून गुण येतो, हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

नायट्रिक ऑक्साइडचा डबा मिळत नाही. मिळतो तो कच्चा माल, आणि शरीर तो दोन वेगवेगळ्या वाटांनी वापरतं.

पहिली वाट आर्जिनिनची. या अमिनो आम्लापासून रक्तवाहिन्यांच्या अस्तरातलं एक एन्झाइम नायट्रिक ऑक्साइड बनवतं. म्हणून पंधरा-वीस वर्षांपूर्वी दुकानांतून आर्जिनिनचेच डबे विकले जायचे. अडचण अशी, की तोंडाने घेतलेल्या आर्जिनिनला रक्तात पोचण्याआधी आतडं आणि यकृत हे दोन जकात नाके लागतात आणि तिथे बराच माल उतरवून घेतला जातो. सिट्रुलिनला ही जकात पडत नाही. ते आतड्यातून सुखरूप रक्तात जातं, यकृत त्याला फारसं हात लावत नाही आणि मूत्रपिंडं त्याचं आर्जिनिन करून पुन्हा रक्तात सोडतात. जर्मन संशोधकांनी २००८ मध्ये वीस निरोगी माणसांवर हे तपासलं. रक्तातलं आर्जिनिन वाढवायला आर्जिनिन खाण्यापेक्षा सिट्रुलिन खाणं जास्त कामाचं ठरलं.

या फेऱ्याला वेळ लागतो. सिट्रुलिन रक्तात चढतं तासाभरात, आणि त्यापासून झालेलं आर्जिनिन त्याच्याही थोडं मागून. व्यायामावरच्या बहुतेक प्रयोगांत ते व्यायामाच्या तासभर आधी दिलं गेलं, ते याच हिशोबाने. वीस मिनिटं आधी घेतलं तर वाया जातं असं नाही, पण पहिले दोन-तीन व्यायाम त्याच्याशिवायच उरकलेले असतात.

मात्रेचं म्हणाल तर तिचं गणित एका स्पॅनिश प्रयोगापासून सुरू होतं. २०१० साली ४१ पुरुषांना बेंच प्रेसच्या दमवणाऱ्या सत्राच्या तासभर आधी ८ ग्रॅम सिट्रुलिन मॅलेट किंवा तशाच चवीचं निष्क्रिय पेय दिलं गेलं. शेवटच्या सेटला रेप्स सुमारे ५३ टक्क्यांनी वाढल्या आणि पुढच्या दोन दिवसांतली अंगदुखी ४० टक्क्यांनी कमी झाली. हा ५३ चा आकडा जाहिरातवाल्यांनी उचलून धरला, तो आजतागायत सोडलेला नाही. पण तो शेवटच्या सेटचा आहे. त्या वेळी माणूस इतका थकलेला असतो, की सहाच्या जागी नऊ रेप्स निघाल्या तरी वाढ ५० टक्के भरते.

नंतरच्या प्रयोगांत इतकी मोठी उडी कुणाला दिसली नाही. काहींत तर काहीच दिसलं नाही. २०२१ मध्ये अशा आठ अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, तेव्हा सिट्रुलिन मॅलेटमुळे पूर्ण व्यायामात मिळून सरासरी तीन रेप्स जास्त होतात, म्हणजे सुमारे ६ टक्के, असं निघालं. तीन रेप्स कमी वाटतील, पण त्या कुठे मिळतात हे पाहायला हवं. दहा-पंधरा रेप्सचे, कमी विश्रांतीचे, स्नायू जाळणारे सेट मारणाऱ्याला त्या मिळतात. पाच मिनिटं बसून एकच जड रेप उचलणाऱ्याला सिट्रुलिनचा काडीचाही उपयोग असल्याचं दिसत नाही. एका रेपमध्ये रक्तपुरवठा आड येतच नाही.

आता डब्यावरचा ३ ग्रॅमचा आकडा पुन्हा पाहू. सिट्रुलिन मॅलेट म्हणजे सिट्रुलिन आणि मॅलिक आम्ल यांची जोडी. मॅलिक आम्ल म्हणजे कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देणारं आम्ल. डब्यावर '२:१' लिहिलेलं असेल तर दोन भाग सिट्रुलिन, एक भाग आम्ल. म्हणजे प्रयोगातल्या ८ ग्रॅममध्ये सिट्रुलिन साधारण ५.३ ग्रॅम होतं, आणि आपल्या ३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये फक्त २ ग्रॅम. प्रयोगातल्या मात्रेला पोचायचं तर असे पावणेतीन स्कूप लागतील, आणि त्यांच्याबरोबर ५०० मिलिग्रॅमहून जास्त कॅफिन पोटात जाईल. ते कुणी करू नये. सिट्रुलिन हवंच असेल तर ते सुटं घ्यावं: शुद्ध एल-सिट्रुलिन ५ ते ६ ग्रॅम, किंवा मॅलेट ८ ग्रॅम, पाण्यात ढवळून, व्यायामाच्या तासभर आधी.

शुद्ध सिट्रुलिन स्वस्तात हिशोबाला सोपं पडतं, कारण मॅलेटच्या '२:१' या दाव्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. ब्रिटनमध्ये संशोधकांनी बाजारातलं मॅलेट तपासलं तेव्हा काही नमुन्यांत आम्लाचं प्रमाण दाव्यापेक्षा बरंच जास्त निघालं. जिभेला एक ढोबळ खूण कळते. मॅलेट चांगलंच आंबट लागतं, शुद्ध सिट्रुलिनला फारशी चव नसते. 'शुद्ध सिट्रुलिन' म्हणून घेतलेली, चव न घातलेली पावडर दात आंबवत असेल तर दुकानदाराला विचारायला हरकत नाही. आणि उन्हाळ्यात कलिंगड खाऊन भागेल का? कलिंगडात सिट्रुलिन असतं हे खरं, पण ते किलोमागे साधारण दोन ग्रॅम. पाच ग्रॅमसाठी अडीच किलो गर खावा लागेल, आणि त्यानंतर स्क्वॉट मारायला कुणी उठणार नाही.

दुसरी वाट बीटाची, आणि ती तोंडातून जाते. म्हणजे पहिल्यांदा गिळताना नव्हे, नंतर.

बीटातलं नायट्रेट पोटातून रक्तात उतरतं. तिथून लाळग्रंथी त्यातला सुमारे चौथा हिस्सा ओढून घेतात आणि लाळेवाटे पुन्हा तोंडात सोडतात. जिभेच्या मागच्या भागावर, खरखरीत पापुद्र्याच्या फटींत जे जिवाणू राहतात ते या नायट्रेटचं नायट्राइट करतात. माणसाच्या पेशींना हे काम नीट जमत नाही. ती लाळ गिळली की नायट्राइट पोटात आणि मग रक्तात जातं, आणि जिथे ऑक्सिजन कमी पडतो तिथे, म्हणजे नेमकं दमलेल्या स्नायूत, त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं. एन्झाइमची वाट ऑक्सिजनवर चालते. ही ऑक्सिजन संपत आला की जोर धरते.

लंडनमध्ये २००८ साली याचा फार सुंदर पुरावा मिळाला. निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटाचा रस पाजला, तेव्हा अडीच तासांच्या सुमारास त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी उतरला. मग काही जणांना तोच रस पाजून, पुढचे तीन तास लाळ गिळायची नाही, सगळी थुंकून टाकायची असं सांगितलं. रक्तातलं नायट्राइट वाढलं नाही आणि रक्तदाबही हलला नाही. रस पोटात होता, नायट्रेट रक्तात होतं, फक्त लाळेचा फेरा तुटला होता.

आपल्याकडे याचा एक थेट अर्थ निघतो. तंबाखूचा बार किंवा मावा भरून दुपारभर पिचकाऱ्या मारणाऱ्याने संध्याकाळच्या व्यायामासाठी बीट पावडर विकत घेणं म्हणजे पैसे थुंकून टाकणंच. दुसरं, माउथवॉश. क्लोरहेक्झिडिनसारख्या जंतुनाशक माउथवॉशने गुळण्या केल्या की जिभेवरचे ते जिवाणू मरतात आणि नायट्रेट घेऊनही नायट्राइट जवळपास वाढत नाही. हेही प्रयोगात दिसलेलं आहे. साध्या ब्रश-पेस्टची भीती बाळगायचं कारण नाही. पण हिरड्यांच्या दुखण्यासाठी दातांच्या डॉक्टरांनी क्लोरहेक्झिडिन दिलं असेल, तर तेवढे दिवस बीटाची पावडर कपाटात ठेवावी. गुळण्या थांबवू नयेत, हिरड्या जास्त महत्त्वाच्या.

व्यायामात बीट आलं ते इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातून. अँड्र्यू जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आठ तरुणांना सहा दिवस रोज अर्धा लिटर रस दिला आणि जोरात सायकल मारायला लावली. एरवी ते ९ मिनिटं ४३ सेकंदांत थकून थांबायचे, रसानंतर ११ मिनिटं १५ सेकंद टिकले. त्याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे तेवढ्याच वेगाला त्यांना ऑक्सिजन कमी लागला. एका ठराविक कामाला लागणारा ऑक्सिजन ठरलेलाच असतो, तो कुठल्या आहाराने बदलत नाही, असं तोवर पुस्तकांत लिहिलेलं होतं. स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांना हीच गोष्ट २००७ मध्ये सोडियम नायट्रेट देऊन दिसली होती.

यावर कुणीही शहाणा विचारेल, की लाल रस प्यायल्याचा मानसिक परिणाम कशावरून नसेल? म्हणून एक खास रस बनवला गेला. खऱ्या बीटाचा रस एका रेझिनमधून गाळून त्यातलं फक्त नायट्रेट काढून घ्यायचं. रंग तोच, वास तोच, मातकट चव तीच. पिणाऱ्याला फरक कळत नाही. त्या रसाने नायट्रेटच्या रसासारखा परिणाम झाला नाही. पावडर विकत घेणाऱ्यासाठी हा प्रयोग फार बोलका आहे. नायट्रेटला रंग नसतो. डब्यातली पावडर कितीही गडद लाल असली, दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी झाली, तरी त्यावरून नायट्रेटबद्दल काहीही कळत नाही. रंग बीटालेन नावाच्या द्रव्यांचा, आणि ती रंगद्रव्यं निराळी.

किती घ्यायचं याचा निकाल २०१३ मध्ये त्याच एक्सेटरच्या चमूने लावला. दहा जणांना आटवलेला रस तीन वेगवेगळ्या मात्रांत, निरनिराळ्या दिवशी दिला. साधारण २६० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या छोट्या मात्रेने सायकलवर टिकण्याचा वेळ वाढला नाही. ५२० मिलिग्रॅमने १४ टक्के वाढला. १,०४० मिलिग्रॅमने १२ टक्के. म्हणजे अर्ध्या मात्रेत काम झालं नाही आणि दुप्पट मात्रेने पदरात काही जास्त पडलं नाही. रक्तातलं नायट्राइट चढायला दोन ते तीन तास लागले, आणि दिवसभरात ते पुन्हा मूळ पातळीला आलं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये पूरक पदार्थांवर जे निवेदन काढलं, त्यात कामगिरी वाढवण्याचा बरा पुरावा असलेल्या मोजक्या पाच पदार्थांत नायट्रेट होतं. मात्रा सांगितली होती ३१० ते ५६० मिलिग्रॅम, दोन-तीन तास आधी. सिट्रुलिन त्या पाचांत नव्हतं.

मात्र १४ आणि १६ टक्के हे आकडे 'थकून थांबेपर्यंत'च्या चाचणीचे आहेत. खऱ्या शर्यतीत फरक बराच लहान पडतो. क्लबच्या सायकलपटूंनी ४ किलोमीटरची आणि १६ किलोमीटरची शर्यत मारली तेव्हा वेळ पावणेतीन टक्क्यांच्या आसपास कमी झाला. पट्टीच्या धावपटूंना आणि सायकलपटूंना तेवढाही फायदा सहसा मिळत नाही. त्यांच्या शरीरात ही यंत्रणा आधीच चोख झालेली असते. बीटाचा खरा गिऱ्हाईक म्हणजे मध्यम तयारीचा माणूस, जो सहा-दहा मिनिटं दम काढणारं काही करतो: रोइंग मशीन, टेकडी चढणं, फुटबॉल, कबड्डीतली लागोपाठची चढाई. वजनं उचलण्यात बेंच प्रेसच्या रेप्स वाढल्याचे काही प्रयोग आहेत, पण ते लहान आहेत आणि सगळे एका सुरात बोलत नाहीत.

आता पावडरीकडे येऊ, कारण घोटाळा खरा इथेच आहे.

कच्च्या बीटात शंभर ग्रॅममागे सरासरी १४० मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट असतं, पण सरासरी म्हणण्यापुरतीच. युरिया सढळ हाताने पडलेलं, ढगाळ हवेत वाढलेलं बीट कितीतरी जास्त नायट्रेट साठवतं. भरपूर उन्हातलं, कमी खताचं बीट त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. बीटाचा बहुतेक भाग पाणी असतो. शंभर ग्रॅम बीट वाळवलं की साधारण १३ ग्रॅम पावडर उरते. म्हणजे नुसत्या वाळवलेल्या बीट पावडरीत नायट्रेट एक टक्क्याच्या आसपास. पाच ग्रॅमचा चमचा घेतला तर ५० मिलिग्रॅम. हवेत ४०० ते ५००. म्हणजे त्याच पावडरीचे आठ-दहा चमचे, चाळीस-पन्नास ग्रॅम. तेवढी पावडर पाण्यात कालवली तर शेकरमध्ये चिखल होतो, आणि त्यात साखरही बरीच असते.

आणि सुरुवातीच्या डब्यातला तो '५०० मिलिग्रॅम बीटरूट अर्क'? त्यात २ टक्के नायट्रेट आहे असं उदारपणे मानलं तरी १० मिलिग्रॅम. लागणाऱ्या मात्रेचा चाळिसावा हिस्सा. बीटाच्या कोशिंबिरीच्या एका चमच्यात याहून जास्त मिळेल. डब्यावर बीटाचं चित्र छापता यावं, एवढंच काम तो अर्क करतो.

म्हणून लेबल वाचताना 'बीटरूट' हा शब्द शोधायचा नाही, 'नायट्रेट' शोधायचा, आणि त्यापुढे प्रत्येक मात्रेला किती मिलिग्रॅम हा आकडा. '१०:१ अर्क' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की दहा भागांपासून एक भाग केला. त्यात नायट्रेट किती उरलं हे कळत नाही. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून सगळ्या घटकांचं मिळून एकच वजन दिलं असेल तर तो डबा सरळ परत ठेवावा. अमेरिकेत २०१९ मध्ये बीटाची २४ उत्पादनं प्रयोगशाळेत तपासली गेली. त्यांच्यातल्या नायट्रेटमध्ये सुमारे पन्नास पटींची तफावत होती आणि एका मात्रेत किमान ३१० मिलिग्रॅम देणारी फक्त पाच निघाली. ही तिथल्या बाजाराची गोष्ट. आपल्याकडे डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो आणि तो असायलाच हवा, पण तो परवाना उत्पादकाला मिळालेला असतो. आत नायट्रेट किती, याची हमी त्यातून मिळत नाही. बॅचचा प्रयोगशाळा अहवाल मागितल्यावर जो विक्रेता तो पाठवतो, त्याच्याकडून घ्यावं.

आता हा सगळा हिशोब एका माणसाला लावून पाहू. समजा बहात्तर किलो वजनाचा, वर्षभर नियमित व्यायाम करणारा, ऑफिसातून सहाला सुटणारा आणि साडेसातला जिमला पोचणारा कुणी आहे. त्याला पायांचा दिवस आणि शेवटी दहा मिनिटं रोइंग असा बेत करायचा आहे. त्याने पाच वाजता, ऑफिसातच, नायट्रेट घ्यावं. २ टक्के नायट्रेट असल्याचा अहवाल असलेली पावडर असेल तर २० ग्रॅम, म्हणजे ४०० मिलिग्रॅम. पावडर नको असेल तर सकाळी काढून फ्रिजमध्ये ठेवलेला साडेतीनशे-चारशे ग्रॅम कच्च्या बीटाचा रस. बीट उकडून पाणी फेकून दिलं तर नायट्रेटचा मोठा वाटा त्या पाण्याबरोबर मोरीत जातो, म्हणून रस कच्च्याचाच. रस दिवसभर टेबलावर उघडा ठेवायचा नाही, जिवाणू त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट तिथेच करू लागतात. मग साडेसहाला, बसमध्ये किंवा घरी पोचल्यावर, ५ ग्रॅम सिट्रुलिन ग्लासभर पाण्यात. चहा-कॉफीने काही बिघडत नाही. पोट गुरगुरलं तर पुढच्या वेळी सिट्रुलिन तीन ग्रॅमवर आणावं. त्या स्पॅनिश प्रयोगातही सातातल्या एकाला पोटाची तक्रार होती.

हाच माणूस सकाळी सहाच्या बॅचचा असेल तर गणित कोलमडतं. नायट्रेटसाठी त्याला पहाटे साडेतीनला उठावं लागेल. रात्री झोपताना घेतलं तर सहापर्यंत त्याचा काही अंश उरतो, पण चढाचा काळ झोपेत निघून गेलेला असतो. आणि झोपेत लाळही कमी सुटते. सलग काही दिवस रोज घेऊन पातळी वर ठेवण्याचा मार्ग आहे, प्रयोगांत तो वापरलाही गेला आहे, पण चाळीस मिनिटांच्या व्यायामासाठी इतका उपद्व्याप करण्यात राम नाही. सकाळच्या माणसाने बीट पोळीबरोबर खावं आणि हवं तर पाच वाजता उठल्याउठल्या सिट्रुलिन घ्यावं. नायट्रेट राखून ठेवावं एखाद्या स्पर्धेच्या दिवसासाठी.

रोज घेण्याबाबत आणखी एक आकडा आहे. अन्नातल्या नायट्रेटची युरोपात मान्य असलेली रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोला ३.७ मिलिग्रॅम आहे. बहात्तर किलोला ती २६६ मिलिग्रॅम होते. म्हणजे परिणाम दाखवणारी मात्रा मर्यादेच्या वर जाते. पालक, माठ, मेथी भरपूर खाणारा माणूसही ही मर्यादा सहज ओलांडतो आणि भाज्यांच्या बाबतीत त्याची कुणी फारशी काळजी करत नाही. पण आठवड्यातल्या दोन कठीण सत्रांपुरती पावडर घेणं आणि वर्षभर रोज घेणं यांत फरक करावा हे बरं. आणि पावडरीऐवजी रसायनांच्या दुकानातून नायट्रेट-नायट्राइटचे क्षार आणून वजन करत बसण्याचा उद्योग अजिबात करू नये. नायट्राइटच्या क्षारांत मात्रेची थोडी चूक जिवावर बेतते.

पावडर काम करते की नाही हे पाहायचं असेल तर पंप मोजू नये. आरशातला फुगलेला दंड दिव्यावर, पाण्यावर आणि मूडवर ठरतो, आणि पंप आला म्हणजे स्नायू वाढला असंही सिद्ध झालेलं नाही. एकच व्यायाम धरावा, वजन तेच, विश्रांती घड्याळ लावून तीच, आणि चार सेटच्या एकूण रेप्स वहीत लिहाव्यात. दोन आठवडे पावडरीशिवाय, दोन आठवडे पावडरीसह, कॅफिन दोन्हीकडे सारखं. मित्राने कधी सिट्रुलिन तर कधी नुसतं लिंबाचं पाणी, न सांगता, दिलं तर उत्तमच. नायट्रेटसाठी लाळेतलं नायट्राइट दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. घेतल्यावर अडीच तासांनी पट्टी गडद गुलाबी झाली नाही तर एकतर पावडरीत नायट्रेट नाही किंवा तोंडातले जिवाणू नाहीत.

काही जणांनी मात्र प्रयोगाच्या वाटेला न जाता आधी डॉक्टरांना विचारावं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांचा दाब या दोन्ही पावडरींनी आणखी उतरू शकतो, आणि जड डेडलिफ्टनंतर उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येण्याचा धोका खरा आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी सिट्रुलिनपासून लांब राहावं, कारण त्याचं रूपांतर तिथेच होतं. मुतखडा होऊन गेलेल्यांना बीटातल्या ऑक्झलेटची भीती आहे, आणि पावडरीत ते आटून जास्त झालेलं असतं. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणारे आणि सिल्डेनाफिल घेणारे यांचा प्रश्न वेगळा. ती दोन औषधं एकमेकांबरोबर घेणं जिवावरचं असतं. बीटातलं नायट्रेट त्या औषधांच्या जातीचं नसलं, तरी नायट्रिक ऑक्साइडचा रस्ता तोच आहे. वयाची पन्नाशी उलटल्यावर जिम लावणाऱ्यांत अशी औषधं घेणारे कमी नसतात, आणि ते ट्रेनरला सांगत नाहीत. ट्रेनरही स्कूप पुढे करण्याआधी विचारत नाही.